‘सबब’च्या आधीची वाक्ये

मराठी निकालपत्राला इंग्रजीची गरज केव्हा पडते, याचे उत्तर राज्यघटनेच्या 348व्या अनुच्छेदात आहे. उच्च न्यायालयाचे आणि सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतून चालते. त्यांच्या खालच्या न्यायालयांची भाषा मात्र राज्य सरकार ठरवते, आणि महाराष्ट्राने 1998 च्या अधिसूचनेने काही अपवाद वगळता ती मराठी ठरवली. त्यामुळे पैठण, गेवराई किंवा अंबडच्या दिवाणी न्यायालयात सुरू झालेला दावा जिल्हा न्यायालयातले अपील संपेपर्यंत मराठीत चालू शकतो. त्यानंतर छत्रपती संभाजीनगरात, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर दुसरे अपील दाखल होते आणि तिथे भाषा बदलते. हे खंडपीठ 27 ऑगस्ट 1981 रोजी सुरू झाले. मराठवाड्याचे जिल्हे आणि त्यांच्या जोडीला अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार त्याच्या अधिकारक्षेत्रात येतात. इथे येणाऱ्या दिवाणी प्रकरणांत शेतजमिनीचे तंटे मोठ्या संख्येने असतात, आणि ज्या कागदावर भांडण उभे असते तो कागद हटकून मराठी असतो.

दुसऱ्या अपिलाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतल्याशिवाय अनुवादकाची जबाबदारी कळत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 प्रमाणे इथे वस्तुस्थितीची फेरतपासणी होत नाही. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न, म्हणजे वकिलांच्या बोलीतला ‘सब्स्टॅन्शियल क्वेश्चन ऑफ लॉ’, निर्माण होत असेल तरच अपील दाखल करून घेतले जाते. खालच्या न्यायाधीशाने साक्षीपुराव्यावरून काढलेला निष्कर्ष उच्च न्यायालयाला पटला नाही, एवढ्यावरून तो बदलता येत नाही. तो पुराव्याविना काढला असेल, महत्त्वाचा पुरावा डावलून काढला असेल किंवा दस्ताचा अर्थ कायद्याने ठरवलेल्या रीतीने लावला नसेल, तरच हात घालता येतो. थोडक्यात, उच्च न्यायालय खालचा न्यायाधीश कुठे पोहोचला यापेक्षा कोणत्या वाटेने पोहोचला हे अधिक बारकाईने पाहते. ही वाट उच्च न्यायालयाला दिसते ती अनुवादातून. म्हणून माझे म्हणणे असे की, निकालपत्राचा अनुवाद करताना कारणांचा क्रम हा शैलीचा भाग समजू नये. तो मजकुराचाच भाग आहे. संज्ञा अचूक ठेवल्या आणि क्रम हलवला, तर इंग्रजी निकालपत्र वाचायला निर्दोष वाटेल, पण ते वेगळ्याच न्यायाधीशाने लिहिलेले असेल.

हे नमुन्याच्या दाव्यावरून पाहू. दावा कल्पित आहे, पण त्याचा सांगाडा मराठवाड्यातल्या कोणत्याही वकिलाला ओळखीचा वाटेल. एका शेतकऱ्याने मे 1987 मध्ये 2 एकर 10 गुंठे जमीन 12,000 रुपयांना शेजाऱ्याच्या नावे लिहून दिली. दस्त नोंदणीकृत आहे. त्याचे शीर्षक ‘मुदतीचे खरेदीखत’ असे आहे आणि आत शेजाऱ्याने कबूल केले आहे की, पाच वर्षांत रक्कम परत दिल्यास जमीन पलटून देईन. ताबा त्याच दिवशी दिला. मुदत मे 1992 मध्ये संपली. शेतकऱ्याने 2009 साली दावा लावला, की हा व्यवहार गहाणाचा होता, तेव्हा रक्कम घेऊन जमीन सोडून द्यावी. दस्ताला न्यायालयात निशाणी 32 मिळाली. दिवाणी न्यायाधीशांनी दावा फेटाळला, जिल्हा न्यायाधीशांनी अपील फेटाळले. दोन्ही निकालपत्रे मराठीत आहेत.

व्यवहाराला नाव काय द्यायचे यावर सगळा दावा उभा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 58(क) मध्ये सशर्त विक्रीच्या रूपातले गहाण सांगितले आहे, इंग्रजीत ‘मॉर्गेज बाय कंडिशनल सेल’. दस्त या प्रकारात बसला तर सोडवण्याच्या दाव्याला मुदत कायद्याच्या अनुच्छेद 61 प्रमाणे 30 वर्षे मिळतात, आणि ती मे 1992 पासून मोजली तर मे 2022 पर्यंत येतात. 2009 चा दावा सहज मुदतीत. पण तोच दस्त खरी विक्री असेल आणि ‘पलटून देईन’ ही केवळ फेरखरेदीची शर्त असेल, तर करारपूर्तीच्या दाव्याला अनुच्छेद 54 प्रमाणे तीनच वर्षे मिळतात. ती मे 1995 मध्ये संपली, म्हणजे दावा चौदा वर्षे उशिरा आला. अनुवादकाने निकालपत्राच्या पहिल्याच परिच्छेदात ‘मुदतीचे खरेदीखत’ या शीर्षकासाठी ‘मॉर्गेज बाय कंडिशनल सेल’ लिहिले, तर वादीचा दावा त्याने स्वतःच मान्य करून टाकला. ‘सेल विथ कंडिशन ऑफ रिपर्चेस’ लिहिले तर प्रतिवादीचा बचाव मान्य झाला. दोन्ही इंग्रजी संज्ञा कायद्याच्या आहेत, दोन्ही शब्दकोशाच्या दृष्टीने चालण्यासारख्या आहेत, आणि दोन्ही इथे चूक आहेत, कारण न्यायाधीशाने त्या ठिकाणी अजून काहीच ठरवलेले नाही. तो फक्त दस्ताचे शीर्षक सांगतो आहे. अशा जागी मूळ शब्द तसाच ठेवून त्याला तटस्थ अर्थ जोडावा, म्हणजे मुदत घालून दिलेले विक्रीपत्र एवढाच. ‘पलटून देईन’चेही तेच. ‘रिकन्व्हे’ म्हटले की मालकी आधी गेली होती हे गृहीत धरल्यासारखे होते. ‘परत देईन’ या अर्थाचा साधा इंग्रजी शब्द कुणाचीच बाजू घेत नाही.

आता क्रमाकडे येऊ. कलम 58(क) ला 1929 मध्ये एक परंतुक जोडले गेले. विक्री आणि परत देण्याची शर्त एकाच दस्तात असेल तरच तो व्यवहार गहाण मानता येतो, असे ते सांगते. मात्र एकाच दस्तात आहे म्हणून तो आपोआप गहाण ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1954 च्या चुनचुन झा विरुद्ध इबादत अली या निकालात विचाराची दिशा घालून दिली. पक्षकारांचा हेतू आधी दस्ताच्या शब्दांवरून पाहायचा. शब्द निःसंदिग्ध असतील तर तिथेच थांबायचे. संदिग्धता राहिली तरच त्या वेळची परिस्थिती विचारात घ्यायची, जसे की किंमत बाजारभावाच्या मानाने किती होती, ताबा कुणाकडे राहिला. लेखी दस्ताच्या अटींविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, हे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 92 चे तत्त्व त्यामागे आहेच. म्हणजे या प्रकारच्या खटल्यात आधी काय पाहायचे आणि नंतर काय, हे कायद्यानेच ठरवून दिले आहे. ज्या न्यायाधीशाने आधी दस्त वाचला आणि मग साक्ष पाहिली, त्याने कायद्याप्रमाणे काम केले. आधी साक्षीवर मत बनवून मग दस्ताकडे वळलेल्या न्यायाधीशाच्या निकालावर अपिलात बोट ठेवता येते. दोघांचा निष्कर्ष एकच असला तरी.

जिल्हा न्यायाधीशांच्या निकालपत्रातले कळीचे वाक्य असे आहे असे समजू: ‘नि. 32 मधील अटीप्रमाणे रक्कम मिळाल्यास जमीन पलटून देण्याचे प्रतिवादीने कबूल केलेले असले, तरी सदर दस्तात कर्जाचा अगर व्याजाचा कोठेही उल्लेख नसल्याने, तसेच त्या वेळच्या बाजारभावाबाबत वादीने पुराव्यात काहीही सांगितलेले नसल्याने, सदर दस्त गहाणाचा असल्याचे वादीने शाबीत केले, असे म्हणता येत नाही. सबब, मुद्दा क्र. 1 चे उत्तर नकारार्थी देण्यात येते.’ कोर्टाच्या मराठीचा हा अस्सल नमुना. क्रियापद शेवटी, कारणे आधी, आणि सगळे तोलून झाल्यावर ‘सबब’. या वाक्यात चार पायऱ्या आहेत. वादीच्या बाजूची गोष्ट आधी मान्य केली आहे. मग दस्ताच्या शब्दांतून निघणारे कारण आले आहे. त्यानंतर दस्ताबाहेरच्या परिस्थितीचे कारण, आणि शेवटी निष्कर्ष. कायद्याने सांगितलेला क्रम इथे पाळलेला आहे.

इंग्रजी चांगली असलेला, पण निकालपत्राची सवय नसलेला अनुवादक या वाक्याचे काय करतो? मुख्य विधान आधी आणि कारणे नंतर हे त्याच्या हाताचे वळण. मग त्याचे इंग्रजी वाक्य साधारण असे होते: हा दस्त विक्रीचा आहे, कारण वादीने सांगितलेला भाव अपुरा नव्हता आणि दस्तात कर्ज किंवा व्याज नमूद नाही, जरी प्रतिवादीने जमीन परत देण्याचे मान्य केले होते. वाक्य घोटीव आहे, आणि त्यात किमान तीन चुका आहेत. गहाण शाबीत झाले नाही, इतकेच न्यायाधीश म्हणाला होता. अनुवादात विक्री असल्याचा स्वतंत्र निष्कर्ष आला. बाजारभावाबद्दल वादीने पुरावा दिला नाही, हे न्यायाधीशाचे कारण होते. अनुवादात किंमत पुरेशी होती असा निष्कर्ष झाला, ज्याला नोंदीत कसलाच आधार नाही. आणि परत देण्याची अट, जी न्यायाधीशाने सर्वांत आधी विचारात घेतली होती, ती शेपटासारखी मागे लटकली. आता अपिलार्थीचे वकील खंडपीठासमोर काय म्हणतील ते सांगायला नको: किमतीबाबतचा निष्कर्ष पुराव्याविना आहे, दस्ताच्या आधी परिस्थिती पाहिली गेली, आणि परत देण्याच्या अटीचा नीट विचार झालेला नाही. यातली प्रत्येक तक्रार कलम 100 च्या चौकटीत बसते. शिवाय हक्काचा पाया असलेल्या दस्ताचा अर्थ लावणे हा कायद्याचाच प्रश्न असतो, हे सर चुनिलाल मेहता प्रकरणात 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. म्हणजे मूळ निकालात नसलेला कायद्याचा प्रश्न अनुवादाने जन्माला घातला.

पहिल्या चुकीबद्दल थोडे अधिक, कारण ती सर्वांत जास्त वेळा होते. पुरावा कायद्याला तीन अवस्था ठाऊक आहेत: शाबीत झालेले, खोटे ठरलेले, आणि यांपैकी काहीच न झालेले. या तिसऱ्या अवस्थेत शाबितीचा भार ज्याच्यावर असतो तो हरतो, पण त्यावरून समोरच्याचे म्हणणे खरे ठरत नाही. मराठी निकालपत्रात मुद्दे आणि निष्कर्ष यांचा तक्ता असतो. एका बाजूला ‘दस्त गहाणाचा असल्याचे वादी शाबीत करतो काय?’ आणि समोर ‘नकारार्थी’. त्या ‘नकारार्थी’चा अर्थ प्रश्नाच्या शब्दरचनेला बांधलेला असतो. अनुवादकाने इंग्रजीत प्रश्नाचे ‘दस्त गहाणाचा आहे काय?’ असे सुटसुटीत रूप केले, की तेच नकारार्थी उत्तर तिसऱ्या अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत उडी मारते. म्हणून मुद्द्याचे वाक्य कितीही अवजड वाटले तरी ‘वादी शाबीत करतो काय’ हा सांधा इंग्रजीत राहिलाच पाहिजे. ‘दिसून येते’, ‘मानण्यास जागा आहे’, ‘शाबीत होते’ या वाढत्या खात्रीच्या पायऱ्या आहेत. पुनरुक्ती टाळण्यासाठी त्यांची अदलाबदल करू नये. ललित गद्यात जो गुण, तो इथे दोष.

यावर एक रास्त आक्षेप येतो. मराठीचे लांबलचक वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत उतरवले तर ते वाचवत नाही. आजच्या इंग्रजी निकालपत्रांत छोटी वाक्ये, क्रमांकित परिच्छेद यांवर भर आहे. सर्वोच्च न्यायालयानेच 2022 साली स्टेट बँक विरुद्ध अजय कुमार सूद या प्रकरणात दुर्बोध निकाल लिहिण्यावर ताशेरे ओढून सुबोध मांडणीचा आग्रह धरला. मग अनुवादकाने दुर्बोधपणा का जपावा? माझे उत्तर असे की वाक्य तोडायला हरकत नाही, क्रम तोडायला आहे. वरच्या वाक्याची चार इंग्रजी वाक्ये करता येतात. पहिल्याची सुरुवात ‘हे खरे की’ या अर्थाच्या शब्दांनी करावी, म्हणजे मान्य केलेली गोष्ट मान्य केल्यासारखीच वाचली जाते. दुसऱ्यात दस्त काय सांगत नाही ते यावे, तिसऱ्यात वादीने काय सांगितले नाही ते. चौथ्याच्या तोंडी ‘या दोन कारणांमुळे’ असे जोडशब्द घालावेत आणि मग निष्कर्ष. हे जोडशब्द मुळात सुटे लिहिलेले नसले तरी ‘नसल्याने’मधल्या प्रत्ययात ते आहेतच. अनुवादकाने ते वाढवलेले नाहीत, फक्त उघड केले आहेत. ते गाळले तर तिसरे वाक्य सुटे पडते, आणि सुटे वाक्य वाचणाऱ्याला स्वतंत्र निष्कर्षासारखे वाटते. तोडण्यातला धोका तिथे आहे. सुबोधतेचा आग्रह निकाल लिहिणाऱ्यासाठी आहे. दुसऱ्याचा निकाल पुढे नेणाऱ्याने तो किती अंगावर घ्यायचा याला मर्यादा असली पाहिजे.

कधी कधी मात्र शब्द वाढवल्याशिवाय अनुवाद प्रामाणिक राहत नाही. मराठी निकालपत्राचे सुरुवातीचे परिच्छेद ‘वादीची हकिकत थोडक्यात अशी की’ या वाक्याने उघडतात आणि मग पान-दीड पान सरळ विधानार्थी मराठीत मजकूर येतो: जमीन वादीच्या मालकीची आहे, प्रतिवादीने नडीचा फायदा घेतला, रक्कम घेऊन गेल्यावर त्याने टाळाटाळ केली. मराठी वाचकाला सुरुवातीचे ते ‘अशी की’ शेवटपर्यंत ऐकू येत राहते. इंग्रजीत तसे होत नाही. दुसऱ्या परिच्छेदात पोहोचेपर्यंत हे न्यायालयाचे निरीक्षण आहे की पक्षकाराचे सांगणे, याचा पत्ता लागत नाही. त्यामुळे दर दोन-तीन वाक्यांनी ‘वादीच्या म्हणण्यानुसार’ या अर्थाचे शब्द इंग्रजीत पेरावे लागतात. प्रतिवादीच्या कैफियतीचा गोषवारा देतानाही तसेच. जिथून ‘माझ्या मते’ किंवा ‘नोंदीवरील पुरावा पाहता’ सुरू होते तिथे ते थांबवायचे. ही सीमारेषा निकालपत्रात नेमकी कुठे आहे हे अनुवाद सुरू करण्यापूर्वी पेन्सिलने आखून ठेवावे. ती चुकली तर वादीची तक्रार न्यायालयाचा निष्कर्ष होऊन बसते.

संज्ञांच्या बाबतीत बरेच जण म्हणतात की प्रश्न सोपा आहे, कारण कायदा मुळात इंग्रजीत होता, मराठी संज्ञा ही त्याचीच भाषांतरे आहेत, तेव्हा उलट पावली जायचे. अर्ध्या संज्ञांबाबत हे खरे आहे. केंद्रीय कायद्यांच्या प्राधिकृत मराठी पाठांना 1973 च्या अधिनियमाचा आधार आहे. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोशही हाताशी असतो. पण कोश उघडण्याआधी कलम शोधावे, असा माझा आग्रह आहे. न्यायाधीशाने ‘हुकूमनामा’ लिहिले की ‘आदेश’, यावर अपिलाचा मार्ग ठरतो, कारण दिवाणी संहितेच्या कलम 2 मध्ये दोन्हींच्या व्याख्या वेगळ्या आहेत आणि ‘न्यायनिर्णय’ ही तिसरी गोष्ट आहे. ‘कबुली’ या एका शब्दामागे दिवाणी दाव्यात एक इंग्रजी संज्ञा असते आणि फौजदारी खटल्यातल्या कबुलीजबाबामागे दुसरी. पुरावा कायद्यात दोन्हींचे परिणाम निराळे आहेत. आधी कलम सापडले की संज्ञा आपोआप सापडते.

उरलेल्या अर्ध्या संज्ञा इंग्रजी कायद्याहून जुन्या आहेत आणि तिथे उलट पावली जायला वाटच नाही. ‘वहिवाट’ घ्या. शेतजमिनीच्या निकालपत्रात हा शब्द पानापानावर येतो. कधी तो ताब्याच्या अर्थाने येतो, कधी प्रत्यक्ष कसण्याच्या, कधी ‘बांधावरून वहिवाट आहे’ असा जाण्यायेण्याच्या अर्थाने. ताबा म्हटला की विरुद्ध ताब्याची 12 वर्षे आठवतात, रस्ता म्हटला की सुविधाधिकाराची 20 वर्षे. न्यायाधीशाला कोणता अर्थ अभिप्रेत आहे ते बहुधा आजूबाजूच्या वाक्यांवरून ठरते, आणि तसे ठरत असेल तिथे नेमका इंग्रजी शब्द वापरावा. ठरत नसेल तिथे मूळ शब्द ठेवून एकदाच टीप द्यावी. मूळ शब्द ठेवणे हा कमीपणा नाही. महाराष्ट्रातल्या न्यायालयांच्या इंग्रजीने रोजनामा, पुरसिस, दरखास्त, वकालतनामा हे शब्द कधीच घरचे केले आहेत. इतकेच काय, प्रतिवादीच्या ‘म्हणण्या’ला इथले वकील इंग्रजीत सरळ ‘से’ म्हणतात, आणि ‘से फाइल केला’ हे वाक्य लंडनच्या बॅरिस्टरला कळले नाही तरी संभाजीनगरच्या अदालत रोडवर कुणाला अडत नाही. खंडपीठासाठी असा शब्द चालून जातो. प्रकरण दिल्लीला जाणार असेल तर मात्र टीप हवी.

मूळच संदिग्ध असेल तर अनुवादकाने ते स्पष्ट करावे, असाही एक सल्ला दिला जातो. तो ऐकू नये. समजा, दाव्यात तीन प्रतिवादी आहेत आणि परिच्छेद प्रतिवादी क्र. 2 च्या उलटतपासणीबद्दल चालू आहे. तिथे वाक्य येते: ‘त्यांनी वादीचा ताबा मान्य केला आहे.’ हे ‘त्यांनी’ आदरार्थी एकवचन आहे की तिघांचे अनेकवचन? इंग्रजीला ‘ही’ किंवा ‘दे’ यांपैकी एक निवडावेच लागते. एका प्रतिवादीची कबुली दुसऱ्याला सहसा बांधत नाही, त्यामुळे ही निवड म्हणजे दोन माणसांच्या जमिनीचा प्रश्न आहे. परिच्छेदाच्या संदर्भावरून क्र. 2 असणे अधिक संभवते, तरी अनुवादकाने आपली निवड मुकाट्याने करू नये. निवडलेल्या शब्दाला तळटीप जोडावी, टिपेत मूळ मराठी वाक्य द्यावे आणि दुसरा अर्थही शक्य आहे एवढे सांगावे. अस्पष्टता हा निकालपत्राचा दोष असेल, पण त्या दोषावर अपिलार्थी आपला मुद्दा उभारू शकतो. तो बुजवण्याचा अधिकार अनुवादकाकडे नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसाचा. औरंगाबाद खंडपीठात बसणाऱ्या अनेक न्यायमूर्तींना मराठी येते. ते मूळ निकालपत्र वाचू शकतात, आणि दोन्हींत तफावत दिसली तर ग्राह्य धरायचे ते मूळच. मग एवढा काटेकोरपणा कशाला? याचे एक उत्तर म्हणजे न्यायमूर्ती बदलून परराज्यातूनही येतात. दुसरे म्हणजे खंडपीठाच्या पुढेही न्यायालय आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या नियमांप्रमाणे इंग्रजीखेरीज अन्य भाषेतला कागद उभय पक्षांना मान्य असलेल्या किंवा प्रमाणित अनुवादाशिवाय वापरता येत नाही, आणि तिथल्या खंडपीठावर मराठी जाणणारे कोणी असेलच असे नाही. पण मला महत्त्वाचे वाटते ते तिसरे उत्तर. तफावत दिसली तर मूळ ग्राह्य, हे ठीक. पण आपण वर पाहिलेली तफावत दिसत नाही. चुकीचा शब्द लगेच डोळ्यांत खुपतो. कारणांची अदलाबदल सुरळीत वाचली जाते, म्हणून कुणी मूळ उघडून पाहतच नाही.

मग ती पकडायची कशी? शब्दाला शब्द लावून वाचण्याने ती सापडत नाही, हा अनुभव बहुतेक अनुवादकांना आलेला असतो. त्यापेक्षा एक सोपी रीत आहे. मूळ निकालपत्र न वाचलेल्या वकिलाला फक्त इंग्रजी अनुवाद द्यावा आणि प्रत्येक मुद्द्यासाठी एक ओळ लिहायला सांगावी: निष्कर्ष काय, तो कोणत्या निशाण्यांवर आणि कोणत्या साक्षीवर टेकलेला आहे, त्यातले आधी काय पाहिले आणि नंतर काय. हीच यादी अनुवादकाने मराठीवरून केलेली असावी. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की आपल्या नमुन्यातली ‘किंमत पुरेशी होती’ ही नोंद फक्त इंग्रजीच्या यादीत आढळेल आणि चूक कुठे झाली ते लगेच कळेल. यासाठी मूळचे परिच्छेद क्रमांक आणि निशाणी क्रमांक अनुवादात तसेच्या तसे हवेत. मूळच्या एका परिच्छेदाचे दोन केले तर 14-अ, 14-आ असे उपक्रमांक द्यावेत, पुढचे आकडे सरकवू नयेत, कारण वकील युक्तिवादात परिच्छेदाच्या क्रमांकावर बोट ठेवून बोलतो.

मराठवाड्यातल्या फायलींत या यादीला आणखी एक रकाना जोडावा लागतो. जुने दस्त निजामी अमलातले, उर्दूतले असतात, आणि निकालपत्रात त्यांचा जो मजकूर येतो तो आधीच कुणीतरी मराठीत केलेला असतो. त्यात फसली साल असते. हैदराबादी फसलीत साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे फसली 1358 हे 1948-49 च्या सुमाराचे. फसली वर्ष आणि इसवी वर्ष एकाच दिवशी सुरू होत नसल्याने परस्पर एकच आकडा लिहून टाकणे धोक्याचे. कबजा पोलीस कारवाईच्या आधीचा की नंतरचा, हे त्या काही महिन्यांवर ठरू शकते. मूळ फसली साल मजकुरात राहू द्यावे, रूपांतर टिपेत द्यावे, आणि ते रूपांतर न्यायाधीशाचे की अनुवादकाचे, हे तिथेच लिहावे.